येता येणार नाही: नकाराच्या निरोपाचे पुनर्लेखन

निमंत्रण नाकारण्याच्या निरोपात मराठी माणूस आपली रोजची भाषा सोडून देतो, असे सहज दिसून येते. एरवी एकमेकींना ‘अगं’ म्हणून हाक मारणाऱ्या, भाजीच्या भावापासून मुलांच्या लग्नापर्यंत सर्व काही मोकळेपणाने बोलणाऱ्या दोन बहिणींपैकी एकीला दुसरीच्या घरच्या कार्याला जाणे शक्य नसेल, तर तिच्या मोबाइलवरून पुढील धर्तीचा मजकूर रवाना होतो: “सप्रेम नमस्कार. आपण रविवारी आयोजित केलेल्या वास्तुशांती समारंभाचे निमंत्रण प्राप्त झाले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. तथापि काही अपरिहार्य कारणास्तव सदर कार्यक्रमास उपस्थित राहणे शक्य होणार नाही, याबद्दल अत्यंत दिलगीर आहे. कार्यक्रमास हार्दिक शुभेच्छा.” या मजकुरात व्याकरणाची चूक नाही, उद्धटपणा नाही, आभार आहेत, खेद आहे आणि शुभेच्छाही आहेत; तरीही तो वाचणाऱ्या बहिणीला आपल्याकडून काही चुकले की काय, अशी शंका येते. सौजन्याची सर्व अंगे जागच्या जागी असूनही माया मात्र कमी पडते, याचे कारण शोधल्याशिवाय असा निरोप नव्याने कसा लिहावा हे सांगता येणार नाही.

या भाषेचे दोन उगम दिसतात. पहिला उगम छापील पत्रिका हा होय. पत्रिका शेकडो घरी जाते, म्हणून तिची भाषा कोणा एकासाठी नसते. ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे’ किंवा ‘हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे’ ही वाक्ये चुलत्यालाही चालतात आणि कार्यालयातील वरिष्ठालाही चालतात. उत्तर मात्र एका माणसाचे एका माणसाला असते, आणि पत्रिकेच्या सुरात सूर मिळवून लिहिलेले उत्तर नकळत तेही शेकडो लोकांना धाडल्यासारखे वाटू लागते. दुसरा उगम कचेरी हा होय. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ यानंतर शासनव्यवहाराची मराठी घडत गेली आणि ‘सदर’, ‘तथापि’, ‘कारणास्तव’, ‘प्राप्त झाले’ अशी शब्दकळा अर्ज, परिपत्रके आणि नोटिसा यांतून शिक्षित माणसाच्या हाताला रुळली. लेखी नकार द्यायचा म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर जो नमुना उभा राहतो तो बहुधा नामंजूर झालेल्या अर्जाचाच असतो. जुन्या पत्रलेखनातही ठरीव वाक्ये होतीच. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असा मायना आणि ‘कळावे, लोभ असावा’ असा शेवट प्रत्येक पत्राला असे, आणि तो प्रत्येक पत्राला असल्यामुळेच त्यात कोणाला परकेपणा जाणवत नसे. आजच्या मोबाइलवरील संभाषणात मात्र वरचे चार निरोप ‘पोचलीस का?’ आणि ‘डबा विसरलीस’ असे असतात, आणि त्यांच्या खाली ‘सदर कार्यक्रमास’ हे शब्द आले की ते एकदम उठून दिसतात.

हा औपचारिकपणा केवळ सवयीतून येत नाही. त्यामागे एक भीती असते, आणि भाषाविज्ञानाने तिचे विश्लेषण केलेले आहे. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५५ मध्ये अशी मांडणी केली की चारचौघांच्या व्यवहारात प्रत्येक माणूस स्वतःचा एक आब सांभाळत असतो आणि समोरच्याचाही सांभाळू पाहतो. पेनेलोपी ब्राऊन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी पुढे ही कल्पना विनयाच्या अभ्यासाला लावली आणि विनयाचे दोन प्रकार वेगळे केले: एक जवळीक दाखवणारा, ज्यात लाडिक हाक, चेष्टा, समान आठवणी यांचा आधार घेतला जातो, आणि दुसरा अंतर राखणारा, ज्यात माफी मागितली जाते, आदरार्थी रूपे वापरली जातात, कर्ता वाक्यातून काढून टाकला जातो आणि क्रियापदाचे नाम करून कृतीची धार बोथट केली जाते. ‘मी येत नाही’ याचे ‘उपस्थित राहणे शक्य होणार नाही’ असे रूपांतर होते तेव्हा नेमके हेच घडते, कारण ‘येणे’ या क्रियेचे ‘उपस्थित राहणे’ हे नाम होते आणि न येणारी व्यक्ती वाक्यातून नाहीशी होते. दोन अनोळखी माणसांमध्ये हा विनय योग्यच असतो. बहिणीबहिणींमध्ये मात्र तो जे अंतर राखू पाहतो ते अंतर मुळात नसतेच, म्हणून तो राखण्याऐवजी निर्माण करतो. दुखावण्याच्या भीतीने लिहिलेला मजकूर त्यामुळेच दुखावतो.

ही भीती बऱ्याच अंशी अवास्तव असते, हेही येथे नोंदवले पाहिजे. ज्युलियन गिवी आणि कॉलीन कर्क यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगमालेत असे आढळले की नकार देणाऱ्याला यजमान जितका नाराज होईल असे वाटते, तितका तो प्रत्यक्षात होत नाही. नकार देणाऱ्याला वाटते की यजमान फक्त नकाराकडे पाहील, पण यजमान त्यामागे झालेली चलबिचलही ध्यानात घेतो. हे प्रयोग अमेरिकेतील असल्याने ते जसेच्या तसे आपल्याकडे लावावेत असे नाही, आणि आपल्याकडे लग्नाला कोण आले नाही याची नोंद घरातील एखादी आत्या वर्षानुवर्षे तोंडपाठ ठेवते हेही खोटे नाही. परंतु यजमानाला ती चलबिचल दिसली पाहिजे, एवढा धडा त्यातून घेता येतो. कचेरीच्या भाषेत ती दिसत नाही.

बोलताना ती कशी दिसते, हे पाहण्यासारखे आहे. संभाषणाचा सूक्ष्म अभ्यास करणाऱ्या अनिता पोमेरँट्झ यांनी १९८४ मधील एका निबंधात दाखवले आहे की होकार चटकन आणि साधा येतो, तर मतभेद किंवा नकार थोडा थांबून, काही अडखळत्या शब्दांच्या मागून आणि बहुधा कारणासकट येतो. समोर बसलेली बहीण ‘अगं...’ म्हणून क्षणभर थांबली की पुढे काय येणार ते यजमान बहिणीला कळून चुकते, आणि त्या थांबण्यातच येणारीचा जीव गुंतलेला होता हेही कळते. लेखी निरोपात ही विरामाची सोय नसते. औपचारिक मजकुरातील आभार, ‘तथापि’ आणि ‘अत्यंत दिलगीर’ हे सारे त्या हरवलेल्या विरामाची जागा भरण्यासाठीच आलेले असतात, असे म्हणता येईल. म्हणून पुनर्लेखन करताना हे शब्द नुसते कापून भागत नाही. त्यांनी जे काम करायचे होते ते दुसऱ्या कशाकडून तरी करून घ्यावे लागते. मराठीत हे काम ‘अगं’, ‘अरे’, ‘मात्र’, ‘गं’, ‘रे’, ‘ना’ अशी छोटी अव्यये फार थोड्या जागेत करतात, आणि क्रियापदाची रूपे त्याहून अधिक करतात.

क्रियापदाच्या रूपांकडे थोडे सावकाश पाहिले पाहिजे, कारण नकाराचा सगळा तोल तेथेच सांभाळला जातो. ‘मी येणार नाही’ या वाक्यात न येण्याचा निर्णय कर्त्याचा आहे. भांडण झालेला माणूस हेच वाक्य उच्चारतो. ‘मी येऊ शकणार नाही’ यात अडचण सूचित होते, परंतु कर्ता अजून ‘मी’ या प्रथमेच्या रूपातच असल्याने वाक्य थोडे ताठ राहते. ‘मला येता येणार नाही’ यात ‘मी’ ची जागा ‘मला’ घेतो, म्हणजे येणारी व्यक्ती कर्तेपणाच्या आसनावरून उतरून चतुर्थीत जाते, आणि परिस्थितीने तिला अडवले आहे हा अर्थ कोणत्याही स्पष्टीकरणाशिवाय प्रकट होतो. ‘आमचं येणं होणार नाही’ यात तर येणे ही घडणारी किंवा न घडणारी एक घटनाच बनते. वडीलधाऱ्या स्त्रियांच्या बोलण्यात हे रूप पुष्कळ ऐकू येते. ‘जमणार नाही’ हे रूप या सर्वांत सोयीचे आणि म्हणूनच सर्वांत जपून वापरण्यासारखे आहे, कारण त्यात अडचण आणि अनिच्छा या दोहोंना सारखीच जागा मिळते. कारण जोडलेले असेल तर ते मऊ वाटते. एकटेच आले तर फटकळ वाटते. ‘उपस्थित राहणे शक्य होणार नाही’ या वाक्याने जे साधायचे होते, म्हणजे निर्णयाची धार काढून घेणे, ते ‘येता येणार नाही’ हे तीन शब्द अधिक चांगले साधतात, आणि तेही माणसाला वाक्याबाहेर न काढता. मराठीच्या घरगुती व्याकरणातच एवढी सभ्यता असताना कचेरीकडून ती उसनी घेण्याचे वस्तुतः प्रयोजन नाही.

आता आरंभी दिलेला मजकूर प्रत्यक्ष बदलून पाहू. परिस्थिती अशी कल्पावी की नाशिकला राहणाऱ्या मामेबहिणीने नवे घर बांधले आहे आणि रविवारी तिच्याकडे वास्तुशांत आहे. ठाण्याला राहणाऱ्या आतेबहिणीला जाता येत नाही, कारण आदल्या दिवशी तिच्या सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरलेले आहे आणि रविवारी पट्टी काढण्यासाठी त्यांना डॉक्टरांकडे न्यायचे आहे. त्याच आठवड्यात मुलाची परीक्षा आहे आणि नवऱ्याला सुटी नाही, या गोष्टीही खऱ्या आहेत.

औपचारिकपणा टाळायचा असे ठरवल्यावर बहुतेक जण पहिल्या झटक्यात दुसऱ्या टोकाला जातात, आणि मजकूर असा होतो: “अगं सॉरी सॉरी, इतकं वाईट वाटतंय ना, खरंच खूप यायचं होतं, पण सासूबाईंचं ऑपरेशन आहे आणि मुलाची परीक्षा पण आहे आणि ह्यांना सुट्टी पण नाही, रागावू नकोस हं प्लीज, समजून घे, पुढच्या वेळी नक्की नक्की येऊ.” भाषा येथे बोलण्यातली आहे, परंतु निरोपाचा विषय बदलला आहे. घर आणि पूजा बाजूला राहून आतेबहिणीची अपराधी भावना मध्यभागी आली आहे, आणि पूजेची यादी, गुरुजींची वेळ व पाहुण्यांची सोय यांत गुंतलेल्या यजमानीणबाईंवर आता हिची समजूत काढण्याचे आणखी एक काम पडले आहे. तीन कारणे एकामागून एक आल्याने त्यांतले एकही पुरेसे नसावे असा संशय निर्माण होतो. जे कारण खरोखर अडवते त्याला सोबतीची गरज नसते. आणि ‘पुढच्या वेळी’ हे शब्द तर विचारच न करता उमटले आहेत, कारण माणूस दर वर्षी घर बांधत नाही.

यावर उपाय म्हणून केवळ काटछाट केली तर “जमणार नाही गं, सॉरी” एवढेच उरते. हा निरोप सिनेमाला बोलावणाऱ्या मैत्रिणीला चालेल. वास्तुशांतीला चालणार नाही, कारण घर बांधणे ही आयुष्यातील मोठी गोष्ट आहे आणि उत्तराचे माप निमंत्रणाच्या मापाशी काहीतरी नाते सांगणारे असावे लागते.

पुढील मजकूर या दोहोंच्या मधला नाही, तो निराळ्या विचाराने लिहिलेला आहे: “अगं, पत्रिका मिळाली आणि फोटोही पाहिले. मामीला हवी होती तशी ओट्यासमोर खिडकी केलीस, फार छान वाटलं. रविवारी मात्र आम्हाला येता येणार नाही. शनिवारी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे आणि दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला न्यायचंय. पूजा हुकणार याची चुटपुट लागलीय. त्यांचे थेंब कमी झाले की एखाद्या शनिवारी राहायलाच येते.” शब्द मोजले तर हा निरोप मूळच्या औपचारिक निरोपापेक्षा लांब आहे. तरीही तो आटोपशीर वाटतो, कारण त्यातील प्रत्येक वाक्य काहीतरी नवे सांगते, तर मूळ मजकुरात ‘निमंत्रण’, ‘समारंभ’, ‘कार्यक्रम’ आणि पुन्हा ‘कार्यक्रम’ असा एकाच गोष्टीचा चार वेळा उल्लेख होता. संक्षेपाचे माप शब्दसंख्येने घेऊ नये, हे येथे स्पष्ट होते.

या मजकुरातील खिडकीचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि वरवर पाहता नकाराशी त्याचा काही संबंध नाही. मामीला खिडकी हवी होती हे ज्यांना माहीत आहे अशी माणसे जगात मोजकीच असतील, म्हणून ते वाक्य पत्रिकेच्या यादीतील दुसऱ्या कोणाला पाठवता येणार नाही. औपचारिक मजकुरात नेमकी याचीच उणीव होती: तो कोणीही कोणालाही पाठवू शकला असता. ‘हार्दिक शुभेच्छा’ हे शब्द चौकातल्या फ्लेक्सवर नगरसेवकाच्या वाढदिवसापासून दहावीच्या निकालापर्यंत सगळीकडे झळकून इतके झिजले आहेत की बहिणीच्या घराला ते लावले काय किंवा न लावले काय, सारखेच. त्यांच्या जागी एक खरा तपशील आला की आभार, कौतुक आणि शुभेच्छा या तिन्हींचे काम एकदमच होते. हा तपशील नकाराच्या आधी यावा हेही योग्य, कारण बोलण्यातील विरामाची उणीव तोच भरून काढतो. मात्र तो एकच असावा. दोन-तीन तपशील मांडून मग ‘मात्र’ आले तर वाचणारीला आधीचे कौतुक लाच दिल्यासारखे वाटेल.

‘दिलगीर आहे’ याऐवजी ‘चुटपुट लागलीय’ असे का लिहिले, तेही सांगितले पाहिजे. माफी मागितली की अपराध झाल्याचे गृहीत धरले जाते आणि समोरच्याला ती द्यावी लागते. काहीतरी हुकल्याचे सांगणे हे स्वतःच्या नुकसानीचे सांगणे आहे. त्यात यजमानाकडे काहीच मागितलेले नसते, आणि कार्य चुकवण्यासारखे नव्हते हे त्यातून आपोआप सुचते. ‘झाले’, ‘वाटले’, ‘लागली आहे’ या लेखी रूपांऐवजी ‘झालं’, ‘वाटलं’, ‘लागलीय’ ही उच्चाराजवळची रूपे वापरणेही याच कारणासाठी इष्ट ठरते, कारण संपूर्ण निरोप बोलीत असताना एखादे ‘वाटले’ शिरले तर ते तेवढ्यापुरते घसा खाकरल्यासारखे ऐकू येते.

कारणाची निवड हा यानंतरचा आणि मराठी संदर्भात विशेष नाजूक भाग आहे, कारण येथे निमंत्रणापाठोपाठ आग्रह येतो. पहिला नकार हा अंतिम मानायचा नसतो, अशी आपल्याकडील पाहुणचाराची रीत आहे. पंगतीत ‘नको’ म्हणणाऱ्याच्या पानात जिलबी पडते ती याच न्यायाने. ज्युडी डेव्हिडसन यांनी इंग्रजी संभाषणांच्या अभ्यासात दाखवले आहे की नकाराबरोबर दिलेले कारण यजमान अडथळा म्हणून ऐकतो आणि तो अडथळा दूर करून निमंत्रण नव्या रूपात पुन्हा पुढे करतो. हे निरीक्षण मराठी घरांना अधिकच लागू पडावे. ‘गाडी नाही’ म्हटले की ‘गाडी पाठवते’ असे उत्तर येते. ‘मुलाची परीक्षा आहे’ म्हटले की ‘त्यालाही घेऊन ये, इथे शांत खोली आहे’ असे येते. ऑपरेशन सोमवारी असते आणि तेवढेच कळवले असते, तर ‘रविवारी जेवून संध्याकाळी परत जा’ हे उत्तर ठरलेले होते. शनिवारचे ऑपरेशन आणि रविवारची पट्टी या दोन्ही गोष्टी सांगण्याचे प्रयोजन हेच की त्यात यजमानाला सोडवता येईल असे काही उरत नाही. आग्रहाला पुरून उरणारे कारण कठोर असावे लागत नाही. ते केवळ यजमानाच्या हाताबाहेरचे असावे लागते.

असे कारण परंपरेनेही एक सिद्ध करून ठेवले आहे. घरात मृत्यू झाला असता पाळावयाचे सुतक आणि जन्म झाला असता पाळावयाचे सोयर या काळात मंगलकार्याला जायचे नाही, असा संकेत ज्या घरांत पाळला जातो तेथे ‘आम्हाला सुतक आहे’ हे तीन शब्द संपूर्ण उत्तर ठरतात. त्यावर कोणी आग्रह करीत नाही, क्षमा मागावी लागत नाही आणि नंतर कोणी त्याची आठवण काढीत नाही. या संकेताच्या धार्मिक बाजूविषयी मतभेद असू शकतात, परंतु नकाराचे शिष्टाचारशास्त्र म्हणून पाहिले तर त्याने माणसांची किती ओढाताण वाचवली असेल याचे कौतुकच वाटते.

कारण नेमके असावे, या म्हणण्याला एक मोठी मर्यादा आहे. काही कारणे खरी असतात आणि सांगण्याजोगी नसतात. मूल होण्याची वर्षानुवर्षे वाट पाहणारी स्त्री मैत्रिणीच्या डोहाळजेवणाला जाऊ इच्छित नाही. नुकतीच नोकरी गेलेल्या माणसाला प्रवासाचा खर्च आणि आहेर परवडत नाही. पती निवर्तलेल्या बाईला हळदीकुंकवाचे निमंत्रण प्रेमाने आले तरी त्या बैठकीत नजरा कशा वळतात हे तिला ठाऊक असते. अशा वेळी ‘अपरिहार्य कारणास्तव’ हा शब्दप्रयोग मदतीला येतो खरा, पण तो कारण आहे आणि ते तुला सांगायचे नाही, अशी पाटीच दारावर लावतो. त्याऐवजी खोटे कारण रचणे त्याहून धोक्याचे, कारण आपल्याकडे नातेवाइकांचे जाळे इतके दाट असते की काल्पनिक ताप दोन दिवसांत तिसऱ्या घरी उघडा पडतो. येथे कारणाचे वाक्यच गाळणे उत्तम. “तुझी बातमी ऐकून खूप आनंद झाला. या वेळी माझं येणं होणार नाही, पण डिंकाचे लाडू मी करून पाठवणार आहे, ते दुसऱ्या कोणाकडून घेऊ नकोस” या निरोपात कारण नाही आणि त्याची उणीवही जाणवत नाही, कारण त्याची जागा एका ठोस कृतीने घेतली आहे. जिला खरे कारण कळायचे तिला ते लाडवांबरोबर कळेल.

कृतीचे आश्वासन देताना मात्र ती करण्याजोगी असावी. ‘नंतर कधीतरी नक्की येऊ’ हे वाक्य दोन्ही पक्षांना पोकळ असल्याचे माहीत असते. वास्तुशांतीनंतर घर पाहायला जाता येते, म्हणून तेथे ‘एखाद्या शनिवारी’ हे शब्द शोभतात. लग्न मात्र पुन्हा लागत नाही, म्हणून लग्नाच्या नकारात आधीचे केळवण किंवा नंतर नवदांपत्याला जेवायला बोलावणे हाच रीतीला धरून असलेला पर्याय आहे. तोही द्यायचा नसेल तर काहीच देऊ नये. आश्वासनाशिवायचा नकार पूर्ण असतो, फसलेल्या आश्वासनाचा नकार दोनदा खटकतो.

सौम्यपणाच्या ओढीत नकारच हरवतो, हा दोष कदाचित सर्वांत अधिक आढळतो. ‘बघते कसं जमतंय’, ‘प्रयत्न करतो’, ‘शक्यतो येऊच’ ही वाक्ये लिहिणाऱ्याच्या मनात नकार असतात आणि वाचणाऱ्याच्या यादीत होकार ठरतात. जेवणाचा ठेका घेणारा केटरर पाने किती, हे कार्याच्या काही दिवस आधी विचारतो आणि त्या आकड्यावर पैसे घेतो. चार जणांच्या कुटुंबाने ‘प्रयत्न करतो’ म्हटले तर चार पाने मांडली जातात. या दृष्टीने वेळेवर दिलेला स्पष्ट नकार हा यजमानावरचा उपकारच होय. म्हणून पुनर्लिखित निरोपात ‘येता येणार नाही’ हे वाक्य वेगळे, पूर्ण आणि शक्यतो पहिल्या दोन-तीन ओळींत असावे. मोबाइलच्या पडद्यावर वरचा भाग वाचून निरोप बाजूला ठेवणाऱ्या माणसालाही ते कळले पाहिजे. कुटुंबाच्या सामाईक गटावर निमंत्रण आले असेल तरी नकार यजमानाला स्वतंत्रपणे द्यावा, कारण गटावर एकाने नकार दिला की बाकीच्यांनाही तो सोपा होतो.

वयाने किंवा मानाने मोठ्या व्यक्तीला नकार देताना सहजपणाचे रूप बदलते, नाहीसे होत नाही. वयाच्या ८१ व्या वर्षाच्या सुमारास, हजार पौर्णिमा पाहिल्याच्या निमित्ताने, सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा करतात. वडिलांच्या मित्राकडून त्याचे निमंत्रण आले आणि त्या दिवशी कामानिमित्त परगावी राहावे लागणार असेल, तर “काका, नमस्कार. पत्रिका मिळाली, खूप आनंद झाला. त्या दिवशी मी कामासाठी बंगळूरला असेन, त्यामुळे मला येता येणार नाही. परत आलो की एका संध्याकाळी तुमच्या पाया पडायला येतो” एवढे पुरे होते. येथे ‘आपण’ ऐवजी ‘तुम्ही’ आहे, कारण ज्यांच्या अंगाखांद्यावर बालपण गेले त्यांना ‘आपण’ म्हणणे हा आदराचा अतिरेक ठरतो. चुटपुट लागल्याचे सांगितलेले नाही, कारण वडीलधाऱ्यांसमोर स्वतःच्या भावनांचा पाढा वाचण्याची रीत नाही. आणि शेवटच्या वाक्यात आदर आणि आश्वासन एकत्र आले आहेत. सख्ख्या नात्यातील लग्नाचा नकार मात्र यातल्या कोणत्याही साच्यात बसत नाही. तेथे लेखी निरोप कितीही चांगला लिहिला तरी अपुरा पडतो. फोन करावा, आवाज ऐकू द्यावा, आणि लेखी काही पाठवायचेच तर ते फोननंतर.

निरोप नीट उतरला की नाही, हे यजमानाच्या उत्तरावरून बऱ्यापैकी ओळखता येते. ‘म्हणजे येताय ना?’ असे उत्तर आले तर नकार पुसट झाला. ‘काय झालं? सगळं ठीक आहे ना?’ असे आले तर कारण इतके मोघम राहिले की त्यातून काळजी निर्माण झाली. ‘सासूबाईंची तब्येत’ असे लिहिण्याऐवजी ‘मोतीबिंदूचं ऑपरेशन’ असे लिहिल्याने ही काळजी टळते. ‘मी गाडी पाठवते’ असे आले तर कारण सोडवता येण्याजोगे होते. नुसते ‘धन्यवाद’ आले तर मजकूर औपचारिक झाला आणि त्याला त्याच्याच भाषेत पोच मिळाली. ‘अगं असू दे, त्यांना सांभाळ, थेंब वेळेवर घाल आणि मग ये सावकाश’ असे उत्तर आले तर नकार पोचला आणि नातेही जागेवर आहे. त्यावर पुन्हा एकदा माफी मागणारा निरोप पाठवू नये, डॉक्टरांनी थेंब कधीपर्यंत घालायला सांगितले आहेत ते विचारून शनिवारची तारीख कळवावी.